एसआयपीची तारीख ७ आणि पगारही ७ लाच: दोन हप्ते परत गेले तेव्हाचा अनुभव

निफ्टी ५० इंडेक्स फंडात दरमहा ५,००० ची एसआयपी मोबाईलवरून सुरू केली. केवायसी, फोलिओ म्हणजे फंडातलं खातं, आणि नेटबँकिंगने ई-मँडेट म्हणजे हप्ता आपोआप कापायची बँकेला दिलेली परवानगी, सगळं सुरळीत झालं. अडलं ते तारखेवर. अंबडच्या कारखान्यात पगार ७ ला होतो, म्हणून एसआयपीही ७ चीच ठेवली.

खात्यातून पैसे ओढण्याची एनएसीएच फाईल बँकेत सकाळीच लागते. पगार जमा झाला दुपारी. सकाळी खात्यात होते २,३४० रुपये, त्यामुळे हप्ता परत गेला. फंडाकडून 'अपुरी शिल्लक' असा मेसेज आला आणि बँकेने दंड कापला, वर १८ टक्के जीएसटी. कॉलेज रोडच्या शाखेत जाऊन सांगितलं की त्याच दिवशी पगार आला होता. उत्तर मिळालं, "फाईल आली तेव्हा पैसे नव्हते ना?" नियमाने ते बरोबर होतं, पण पैसे संध्याकाळी पुन्हा का ओढले नाहीत, हे तिथे कुणी समजावलं नाही. नंतर कळलं ते असं: हुकलेला हप्ता फंड सहसा आपणहून पुन्हा मागत नाही, तो महिना तसाच जातो. पुढच्या महिन्यातही तेच झालं.

इथे सावध व्हायला हवं. मासिक एसआयपीचे सलग ३ हप्ते फेल झाले की ती आपोआप रद्द होते. म्हणून तिसरी तारीख येण्याआधी मी जुनी एसआयपी बंद केली आणि त्याच मँडेटवर १० तारखेची नवी लावली. एसआयपी रद्द केली म्हणून मँडेट रद्द होत नाही, त्यामुळे नवं करावं लागलं नाही. रद्द करण्याचा अर्ज मात्र चार-पाच दिवस आधीच टाकावा.

हुकलेले दोन हप्ते त्याच फोलिओत 'अतिरिक्त खरेदी'ने भरले. त्या दिवसाची एनएव्ही, म्हणजे युनिटचा भाव, हवी असेल तर दुपारी ३ च्या आत अर्ज तर हवाच, पण पैसेही फंडाच्या खात्यात पोचलेले हवेत. स्टेटमेंटमध्ये ५,००० ऐवजी ४,९९९.७५ दिसले तर घाबरू नका, २५ पैसे मुद्रांक शुल्काचे असतात.

मँडेटची मर्यादा, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती पैसे ओढता येतील, याबद्दल मी आधीच सांगायला हवं होतं. ती हप्त्याएवढीच ठेवू नका. ५,००० ची मर्यादा असेल आणि वर्षाने हप्ता १० टक्के वाढवणारा स्टेप-अप लागला, तर ५,५०० चा हप्ता बसणारच नाही. मी १५,००० ठेवली आहे. मर्यादा जास्त ठेवली म्हणून जास्त पैसे कापले जात नाहीत.

रक्कम ठरवताना जूनचा महिना धरा. शाळेची फी, वह्या-पुस्तकं भरून जे उरेल तेवढाच हप्ता. तरीही ओढाताण होणार असेल तर फंडाकडे 'पॉज'ची सोय आहे का ते बघा. हप्ता फेल होऊ देण्यापेक्षा ते बरं, कारण पैसे मागितलेच जात नाहीत आणि दंडही लागत नाही.