भरीताची एक क्लिप, तीन ठिकाणं: हजार फॉलोअर्समागे व्ह्यूजचा हिशोब, नोंद ७

या नोंदीसाठी घेतलेली क्लिप ३८ सेकंदांची आहे. पऱ्हाट्यांच्या जाळावर भरीताची हिरवी वांगी भाजायची, सोलायची, ठेचायची आणि शेवटी कळण्याच्या भाकरीवर वाढायची, एवढंच तिच्यात आहे. तीच फाइल, तोच आवाज, तेच पहिलं चित्र ठेवून ती यूट्यूब शॉर्ट्स, इन्स्टाग्राम आणि फेसबुक पेजवर एकाच तासात टाकायची. खाली दिलेले आकडे पद्धत नीट दिसावी म्हणून सोपे करून घेतलेत, पण क्रम उलटतो कसा ते त्यांतून पुरेपूर कळतं.

सात दिवसांनंतर यूट्यूबवर २१,०००, फेसबुकवर १७,४०० आणि इन्स्टाग्रामवर १४,८०० व्ह्यूज. नुसते आकडे पाहिले तर यूट्यूब पुढे. पण टाकतेवेळी यूट्यूबला ४,२००, इन्स्टाग्रामला १,८५० आणि फेसबुक पेजला ११,६०० फॉलोअर्स होते. व्ह्यूजना फॉलोअर्सनी भागून हजारानं गुणलं की इन्स्टाग्राम ८,०००, यूट्यूब ५,०००, फेसबुक १,५००. इन्स्टाग्राम एकदम वर आलं आणि फेसबुक तळाला गेलं. इथेच थांबून "भरीत इन्स्टाग्रामवर चालतं" असं ठरवणं चूक ठरेल. का, ते सांगण्यासाठीच ही नोंद.

आधी भागाकारात काय घालायचं ते पक्कं करू. फॉलोअर्सचा आकडा क्लिप टाकतानाचा घ्यायचा, व्ह्यूज मोजायच्या दिवशीचा घ्यायचा नाही. समजा या क्लिपमुळेच यूट्यूबवर ८०० नवे सबस्क्रायबर आले आणि सातव्या दिवशी ते ५,००० झाले. त्या आकड्यानं भागलं तर दर ५,००० वरून ४,२०० वर उतरतो. क्लिप जितकी चांगली, तितका तिचा दर खाली ओढला जातो, म्हणजे चांगल्या क्लिपलाच दंड बसतो. म्हणून पोस्टचं बटण दाबण्याआधी तिन्ही ठिकाणचे आकडे वहीत लिहून ठेवायचे. यूट्यूबवर बाहेरून दिसणारा आकडा गोल केलेला असतो, नेमका आकडा यूट्यूब स्टुडिओत मिळतो. तोच घ्यावा.

दुसरी गोष्ट व्ह्यू म्हणजे काय ही. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट्सवर क्लिप सुरू झाली की व्ह्यू धरला जातो, पुन्हा वाजली की पुन्हा धरला जातो, किमान किती सेकंद पाहिली याची अट नाही. जुन्या पद्धतीचा आकडा ॲनालिटिक्समध्ये Engaged views या नावानं वेगळा दिसतो. इन्स्टाग्रामनं २०२४ मध्ये सगळ्या प्रकारच्या पोस्टसाठी Views हे मुख्य माप केलं, आणि रील्सच्या बाबतीत तेही सुरू होणं आणि पुन्हा वाजणं यांचीच बेरीज आहे. फेसबुकच्या रील्सचं मापही तेच आहे, त्यामुळे आज तिन्हीकडे "सुरू होणे" या एकाच मापावर तुलना करता येते. घोटाळा दोन ठिकाणी होतो. एक, यूट्यूबचे Engaged views इन्स्टाग्रामच्या Views शेजारी मांडणं. समजा या क्लिपचे ते १२,६०० असतील, तर यूट्यूबचा दर लगेच ३,००० वर येतो आणि यूट्यूब उगाच कमजोर दिसतं. दोन, ३१ मार्च २०२५ च्या आधीच्या शॉर्ट्सचा दर नंतरच्या शॉर्ट्सशी जोडणं. चार्टवर एप्रिल २०२५ च्या सुरुवातीला उडी दिसली तर आधी हे तपासा. आपल्या क्लिपा एका रात्रीत सुधारल्या असं समजू नका.

मोजायची वेळ १६८ तास, म्हणजे टाकल्यापासून बरोबर सात दिवस. तारखांवर विसंबू नये, कारण यूट्यूब ॲनालिटिक्सचा दिवस अमेरिकेच्या पॅसिफिक वेळेनुसार बदलतो. आपल्याकडे तो उन्हाळ्यात दुपारी साडेबाराला आणि हिवाळ्यात दीडला सुरू होतो. संध्याकाळी सातला टाकलेल्या क्लिपचा तिथला पहिला दिवस त्यामुळे साडेसतरा ते साडेअठरा तासांचाच भरतो, आणि पहिल्या दिवशी बऱ्याचदा सगळ्यात जास्त व्ह्यूज येतात तेव्हा हा फरक किरकोळ नसतो. मोबाइलवर गजर लावावा आणि तिन्ही ॲप पाठोपाठ उघडून आकडे टिपावेत.

इन्स्टाग्रामवरून "फेसबुकवरही शेअर करा" हा पर्याय चालू ठेवला असेल तर हा सगळा खटाटोप वाया जातो. तेव्हा इन्स्टाग्रामवर दिसणाऱ्या आकड्यात फेसबुकचे व्ह्यूजही मिसळलेले असू शकतात, आणि तेच व्ह्यूज आपण फेसबुकच्या ओळीतही लिहितो. लक्षण सोपं आहे: रीलवर दिसणारा आकडा आणि इनसाइट्समधला फक्त इन्स्टाग्रामचा आकडा जुळत नाही. तुलनेच्या क्लिपसाठी तो पर्याय बंद करून दोन्हीकडे वेगवेगळं अपलोड करावं. पैसे देऊन बूस्ट केलेली क्लिप तर या वहीत घेऊच नये.

आता खरा प्रश्न. "हजार फॉलोअर्समागे" असं म्हणताना आपण धरून चालतो की व्ह्यूज फॉलोअर्समुळे येतात. छोट्या व्हिडिओत तसं फार कमी होतं. शॉर्ट्सची फीड आणि रील्सचा टॅब क्लिप अनोळखी लोकांसमोर ठेवतात. ३०० फॉलोअर्सचं खातं असो की ३०,००० चं, भरीत आवडणारा पाहणारा सापडला की क्लिप पुढे जाते. म्हणून लहान खात्यांचा दर फुगतो: २,४०० व्ह्यूजना ३०० नी भागलं की ८,००० येतातच. आमच्या वहीत १,००० पेक्षा कमी फॉलोअर्स असलेल्या खात्याचा दर नुसता लिहिला जातो, क्रमवारीत धरला जात नाही. ३०० च्या खात्यात ३० फॉलोअर्स वाढले तरी दर जवळजवळ दहा टक्के हलतो.

यावर पहिला उपाय म्हणजे फॉलोअर्सकडून आलेले व्ह्यूज वेगळे काढणं. इन्स्टाग्रामच्या इनसाइट्समध्ये फॉलोअर्स आणि बाकीचे यांची टक्केवारी थेट मिळते, फेसबुक पेजवरही मिळते. यूट्यूबवर ॲनालिटिक्सच्या Advanced mode मध्ये जाऊन Subscription status निवडावं लागतं. हे आकडे एक-दोन दिवस मागून भरतात, म्हणून दहाव्या दिवशी पाहावेत आणि फक्त टक्केवारी उचलावी. आपल्या क्लिपला इन्स्टाग्रामवर १० टक्के, यूट्यूबवर ४ टक्के, फेसबुकवर २० टक्के व्ह्यूज फॉलोअर्सकडून आले असं धरू. म्हणजे अनुक्रमे १,४८०, ८४० आणि ३,४८० व्ह्यूज. त्यांना त्या-त्या फॉलोअर्सनी भागलं की हजारामागे इन्स्टाग्राम ८००, यूट्यूब २००, फेसबुक ३००.

तळाला गेलेलं फेसबुक यूट्यूबच्या पुढे आलं. आपल्याच माणसांपर्यंत पोचायचं असेल, उदाहरणार्थ चंपाषष्ठीनंतरच्या भरीत-भाकरीच्या कार्यक्रमाला गावातल्या लोकांना बोलवायचं असेल, तर हाच आकडा कामाचा. मात्र ८०० म्हणजे हजारातल्या ८०० जणांनी पाहिलं असा अर्थ लावू नये. एकाच फॉलोअरनं चारदा पाहिली तर चार व्ह्यूज धरले जातात. शिवाय यूट्यूबवर लॉग-इन न करता पाहणारा सबस्क्रायबर असला तरी सबस्क्रायबर म्हणून मोजला जात नाही, त्यामुळे यूट्यूबचा हा आकडा थोडा कमीच दिसतो.

दुसरा उपाय म्हणजे क्लिपची तुलना त्याच खात्याच्या नेहमीच्या दराशी करणं, आणि क्लिप चांगली होती की नाही हे मला यातूनच पटतं. प्रत्येक ठिकाणच्या मागच्या दहा क्लिपांचे हजारी दर लिहा, त्यांचा मध्यक, म्हणजे चढत्या क्रमात लावल्यावर मधोमध येणारा आकडा, काढा आणि नव्या क्लिपच्या दराला त्यानं भागा. सरासरी का नको, ते यूट्यूबच्या रांगेत दिसतं: ९००, १,२००, १,४००, १,७००, १,९००, २,१००, २,३००, २,६००, ३,१०० आणि एक पळालेली क्लिप ३८,०००. सरासरी येते ५,५२०. तिनं भागलं तर भरीताची क्लिप ०.९१, म्हणजे नेहमीपेक्षा मागे. मध्यक येतो २,०००, आणि तीच क्लिप २.५ पट ठरते. दहापैकी नऊ क्लिपा ३,१०० च्या आत असताना ५,००० वाल्या क्लिपला कमजोर म्हणणारं माप काही उपयोगाचं नाही.

इन्स्टाग्रामचा मध्यक ६,४०० धरला तर ८,००० म्हणजे १.२५ पट. फेसबुकचा १,२०० धरला तर १,५०० म्हणजे तेही १.२५ पट. एकूण चित्र असं की भरीतानं यूट्यूबवर मोठी उडी मारली आणि बाकी दोन्हीकडे नेहमीपेक्षा थोडं बरं केलं. इन्स्टाग्रामचे ८,००० हे त्या खात्याच्या रोजच्या चालीचाच भाग होते.

शीटमध्ये एका ठिकाणासाठी एक पान ठेवा. B मध्ये टाकतानाचे फॉलोअर्स, C मध्ये १६८ तासांचे व्ह्यूज, D मध्ये फॉलोअर्सची टक्केवारी, E मध्ये दर, F मध्ये फॉलोअर्सचा दर, G मध्ये पट. अकरावी क्लिप बाराव्या ओळीत येते, तिथे हे लिहा:

```
E12: =C12/B12*1000
F12: =C12*D12/B12*1000
G12: =E12/MEDIAN(E2:E11)
```

D मध्ये टक्केवारी 10% अशी टक्क्याच्या चिन्हासह भरा. नुसते 10 लिहिले तर F शंभरपट येतो. फॉलोअर्सचा दर एकूण दरापेक्षा मोठा दिसला की हीच चूक झालेली असते. मध्यकाच्या रांगेत चालू क्लिप येऊ देऊ नका, नाहीतर ती स्वतःशीच तोलली जाते.

एक बारकी गोष्ट विचार करण्यासारखी आहे. दहा क्लिपांच्या काळात फॉलोअर्स जवळपास तेवढेच राहिले तर G मधून फॉलोअर्सचा आकडा वर-खाली कटून जातो, आणि नुसत्या व्ह्यूजना व्ह्यूजच्या मध्यकानं भागलं तरी उत्तर तेच येतं. फॉलोअर्सनी भागण्याचा फायदा खातं भराभर वाढत असतानाच होतो. दोन महिन्यांत फॉलोअर्स दुप्पट झाले असतील तर मात्र दर आपोआप खाली सरकतो, कारण व्ह्यूज फॉलोअर्सच्या प्रमाणात वाढत नाहीत. तेव्हा दहाऐवजी शेवटच्या पाच क्लिपांचा मध्यक घ्यावा आणि शेजारी तसं लिहून ठेवावं.

हंगामाचा परिणाम या हिशोबानं जात नाही. चातुर्मासात कित्येक घरांत वांगं वर्ज्य असतं, आणि चंपाषष्ठीनंतर थंडीत शेताशेतांवर भरीत पार्ट्या रंगतात. मार्गशीर्षातल्या भरीताच्या क्लिपला तिन्हीकडे वारा मिळतो, तिचा पट श्रावणातल्या कानबाईच्या रोटांच्या क्लिपशेजारी ठेवून पाककृतींची तुलना करता येत नाही. पण त्याच क्लिपचे तीन पट एकमेकांशेजारी ठेवायला हरकत नाही, कारण हंगाम तिन्हीकडे सारखाच असतो. नोंद ८ साठी याच वांग्यांची २० सेकंदांची आवृत्ती, पहिल्या फ्रेमलाच जाळ, आणि वरचेच स्तंभ.