काळ्या रानात ओलाव्याचा सेन्सर: कॅलिब्रेशन आणि भेगांचं काम, आतापर्यंतचं अपडेट

सेटअप थोडक्यात सांगतो. जालन्याकडं मामाची मोसंबीची बाग आहे, रान भारी काळं, पाणी ड्रिपवर. झाडाजवळ ESP32 आणि कॅपॅसिटिव्ह सेन्सर, प्रोग्राम Arduino IDE मधून. दर अर्ध्या तासानी बोर्ड जागा होतो, आखाड्यावरच्या दुसऱ्या ESP32 ला वायफायवरून रीडिंग पाठवतो आन परत झोपतो. वेब पेज त्या दुसऱ्या बोर्डवरच आहे, मामा मोबाईलवर उघडतात. सेन्सरची वायर GPIO34 ला जोडलीय, कारण वायफाय चालू असलं की ADC2 च्या पिनांवर analogRead चालत नाही, ADC1 चीच पिन लागते.

आता खरा विषय. बऱ्याच ठिकाणी सांगतात की सेन्सर हवेत धरा, ते ०%, पाण्यात बुडवा, ते १००%, झालं कॅलिब्रेशन. माझा सेन्सर हवेत 2650 दाखवतो आणि पाण्यात 1150 (कोरडं असलं की आकडा मोठा, हे ध्यानात ठेवा). त्या हिशोबानी दुपारी पानं वळायला लागलेल्या झाडाखाली पेज ३१% दाखवत होतं. मामा म्हणले, "झाड पाणी मागायलंय आन हे म्हणतंय अजून तिसरा हिस्सा वल हाय!" मामाचं बरोबर होतं. काळ्या मातीत चिकण जास्त, ती बरंच पाणी असं धरून बसते की मुळांना ते ओढताच येत नाही.

म्हणून मातीच तोलली. पाणी दिल्यावर वाफसा आला तेव्हा, मग थोडं सुकल्यावर, आणि शेवटी पानं वळायला लागल्यावर, दर वेळी आधी सेन्सरचं रीडिंग लिहून घेतलं आणि लगेच त्याच्या बाजूची माती झाकणाच्या डब्यात भरली, उघडी राहिली तर रस्त्यातच सुकते. घरी वजन करून ओव्हनमधी १०५ डिग्रीला चोवीस तास ठेवायची, वजन उतरायचं थांबलं की परत तोलायची. वाफशाची माती २६२ ग्रॅम होती ती २०० झाली, म्हणजे ६२ ग्रॅम पाणी, ६२ भागिले २००, ३१%. तेव्हा सेन्सर 1480 वर होता. मधला पॉइंट २४% ला 1760 आणि पानं वळली तो १६% ला 2190. रेषा सरळ नाही, म्हणून दोन तुकडे केले:

```
float pani(int raw) {
  if (raw <= 1760) return 31 - (raw - 1480) * 7.0 / 280;
  return 24 - (raw - 1760) * 8.0 / 430;
}
```

हे आकडे या रानाचे आणि या सेन्सरचे. तुमच्या मुरमाड रानात चालणार नाहीत, आणि त्याच कंपनीचा दुसरा सेन्सर लावला तरी तीन पॉइंट परत काढावे लागतील.

दुसरी भानगड भेगांची. काळी माती सुकली की आकसते आणि सेन्सरच्या पट्टीपासून सुटते. सेन्सर फक्त पट्टीला चिकटलेली काही मिलीमीटर माती बघतो, मधी हवा शिरली की तो हवाच मोजतो. ग्राफवर हे लगेच ओळखू येतं, खरं सुकणं हळूहळू चढतं आणि इथं एका दुपारीत 1800 वरून 2450 ची उडी होती. मग ड्रिप चालू केलं की भेगेत पाणी साचून रीडिंग एकदम 1300 च्या खाली. दोन्ही आकडे मातीचे नाहीत.

यावर उपाय असा केला की ड्रिपरपासून फूटभर अंतरावर एक फूट खोल आडवा खड्डा घेतला, त्याच मातीचा घट्ट चिखल करून पट्टी त्यात बसवली आणि माती थोडी थोडी टाकून दाबली. पट्टी उभ्या कडेवर ठेवली, सपाट ठेवली तर वर पाणी साचतं. वरचा चिपचा भाग आणि पट्टीच्या कापलेल्या कडा इपॉक्सीनी बंद केल्या, कडेतून पाणी शिरलं की रीडिंग कायम ओलं दिसायला लागतं. कोडमधी पण एक अट टाकली, अर्ध्या तासात 150 पेक्षा जास्त चढलं तर पेजवर आकड्याऐवजी "सेन्सर बघा" येतं. एवढ्या खोलीवर भेग कमी पडते, पण माती फार सुकू दिली तर तिथं पण पडतेच.

पेजवर टक्के आता बारीक अक्षरात खाली आहेत. वर मोठ्यानी फक्त "वाफसा", "उद्या-परवा पाणी", "आज पाणी" यापैकी एक, आणि शेवटचं रीडिंग किती वाजता आलं ते. लाईट गेली की आखाड्यावरचा राउटर बंद पडतो, आणि जुनं रीडिंग ताजं समजून मामानी पाणी थांबवायला नको, म्हणून तासाभरापेक्षा जुनं असलं की पेज करडं होतं.

पुढं त्याच झाडाखाली दोन फुटावर दुसरा सेन्सर बसवायचाय. आंबे बहाराला ताण देताना वरची माती लवकर सुकते पण खाली वल टिकून असती आणि झाड तिच्यावर निघतं, तर ताण खरंच बसला का ते वरच्या एका सेन्सरवरून कळत नाही. भारी रानात कोणी दोन खोल्यांवर मोजलं असेल तर खालच्या थराचे आकडे टाका.