‘काटना’ म्हणजे ‘कापणे’? पहिल्या प्रतिशब्दाची वही, पुढचा टप्पा

या टप्प्यात हिंदी–मराठी वहीत तीनच शब्द हातावेगळे झाले: काटना, लगना आणि आपत्ति. आकडा लहान दिसेल, पण एकट्या ‘काटना’नेच दोन पानं खाल्ली.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. ‘शिक्षा’, ‘खाली’, ‘चेष्टा’, ‘यातायात’ असे दिसायला सारखे आणि अर्थाने वेगळे शब्द या वहीत नाहीत. त्यांच्या याद्या सगळ्यांकडे असतात आणि तिथे कोश सहसा चुकत नाही. इथे घेतलेत ते शब्द वेगळे. त्यांच्यापुढे कोशात पहिला छापलेला मराठी प्रतिशब्द बरोबर असतो, पण आपल्यासमोरच्या वाक्यासाठी बरोबर नसतो. दोन्ही भाषा जवळच्या असल्यामुळे हा पहिला प्रतिशब्द बहुतेक वेळा त्याच मुळातून आलेला सख्खा भाऊ असतो. लगना : लागणे, मिलना : मिळणे. तो घातला की वाक्य मोडत नाही, व्याकरण बिनसत नाही, म्हणून चूक डोळ्याला खुपतही नाही.

काटना

सुरुवात सोप्या वाक्यांपासून. ‘सब्ज़ी काटना’ म्हणजे भाजी चिरणे, ‘पेड़ काटना’ म्हणजे झाड तोडणे, ‘बाल काटना’ म्हणजे केस कापणे. म्हणजे धारदार हत्यार हातात असतानाही ‘कापणे’ तीनपैकी एकदाच नैसर्गिक वाटतं. बाकीच्या दोन ठिकाणी कळतं सगळं, पण भाजी ‘कापली’ आणि झाड ‘कापलं’ हे जरा परक्या हाताने लिहिल्यासारखं दिसतं. इथवर नुकसान फारसं नाही.

खरा घोळ पुढे. ‘उसने सात साल की सज़ा काटी’ हे वाक्य घ्या. पहिला प्रतिशब्द उचलला की होतं ‘त्याने सात वर्षांची शिक्षा कापली’. मराठी वाचकाला यातून शिक्षा कमी केली असं वाटेल, म्हणजे अर्थ जवळजवळ उलटा. पाहिजे ते ‘सात वर्षांची शिक्षा भोगली’. ‘कुत्र्याने मुलाला कापलं’ या भाषांतराला कुणीही हसेल आणि ते लगेच दुरुस्त होईल. ‘शिक्षा कापली’ मात्र शांतपणे छापून जाईल. वहीत अशा वाक्यांना तांबडी खूण केली आहे: हास्यास्पद चूक परवडते, पटण्यासारखी चूक नाही.

‘टिकट काटना’ तर दोन्ही टोकांना जातं. कंडक्टरने ‘टिकट काटा’ म्हणजे तिकीट दिलं, आपल्या बोलीत फाडलं. पक्षाने ‘विधायक का टिकट काटा’ म्हणजे आमदाराला उमेदवारी नाकारली, आणि इथे मात्र मराठीतही तिकीट कापलंच जातं. एकाच शब्दजोडीचा एक अर्थ देण्याचा आणि एक हिरावण्याचा. कर्ता कोण आहे हे पाहिल्याशिवाय कोशातला कुठलाच प्रतिशब्द उपयोगाचा नाही. ‘रसीद काटना’ आणि ‘चालान काटना’ ही दोन्ही पहिल्या बाजूची, म्हणजे पावती फाडणे. हिंदी जिथे कागद कापते तिथे मराठी तो फाडते, हे एकदा लक्षात आलं की तीन-चार नोंदी एका ओळीत बसतात.

वेळेशी जोडलं की ‘काढणे’ येतं: ‘दिन काटना’ म्हणजे दिवस काढणे. पण ‘समय काटे नहीं कटता’ याला ‘वेळ जाता जात नाही’ याशिवाय दुसरं काही शोभत नाही. ‘चक्कर काटना’चे पुन्हा दोन भाग पडतात. घार ‘चक्कर काटती है’ तेव्हा ती घिरट्या घालते, माणूस ‘दफ़्तर के चक्कर काटता है’ तेव्हा तो कचेरीत खेटे घालतो. ‘बात काटना’ म्हणजे बोलणं मध्येच तोडणे. ‘चाँदी काटना’ म्हणजे भरपूर कमाई करणे, आपल्याकडे त्याची ‘चांदी होते’. त्यामुळे इथे कर्ताही बदलावा लागतो.

कर्ता बदलण्याची ही गोष्ट ‘चावणे’पाशी नीट थांबून पाहण्यासारखी आहे. ‘कुत्ते ने बच्चे को काटा’ यात हिंदी ‘ने’ घालते. योग्य प्रतिशब्द ‘चावणे’ सापडला तरी हात सवयीने ‘कुत्र्याने’ लिहून जातो. नेहमीचं मराठी वाक्य आहे ‘कुत्रा मुलाला चावला’. क्रियापद कुत्र्याप्रमाणे चालतं: कुत्री चावली, मांजर चावलं. हेच ‘चावणे’ चघळण्याच्या अर्थाने आलं की ‘ने’ परत येतो: ‘त्याने सुपारी चावली’. मांजराचंही तसंच. ‘बिल्ली ने रास्ता काटा’ म्हणजे ‘मांजर आडवं गेलं’. रस्ता गेला, ‘ने’ही गेला. कोश प्रतिशब्द देतो, वाक्याची बांधणी देत नाही. म्हणून आता प्रत्येक नोंदीत नुसता शब्द न लिहिता भूतकाळातलं एक पूर्ण वाक्य लिहायचं ठरलं आहे. वर्तमानकाळात ही चूक दिसतच नाही, कारण ‘कुत्ता काटता है’ आणि ‘कुत्रा चावतो’ दोन्हीकडे ‘ने’ नाही.

उलट शोधाची मर्यादा

मागच्या टप्प्यापर्यंत तपासणीचा मुख्य उपाय उलट शोध हाच होता. हिंदी–मराठीत मिळालेला शब्द मराठी–हिंदीत पाहायचा, परत मूळ शब्दावर आलो तर ठीक. ‘काटना’ने हा उपाय उघडा पाडला. काटना पाहिला की कापणे, कापणे पाहिला की काटना. फेरी पूर्ण होते आणि सज़ा काटना तरी चुकतोच. उलट शोध शब्द साफ चुकीचा असेल तर पकडतो, अर्थाची शाखा चुकली असेल तर पकडत नाही. आणि पहिल्या प्रतिशब्दाची चूक नेहमी शाखेचीच असते.

त्याऐवजी चालणारी पद्धत अशी. आधी कोश बंद. छापील हिंदीतून त्या क्रियापदाची दहा-बारा वाक्यं गोळा करायची, प्रत्येकात कर्म वेगळं असलं पाहिजे. मग हिंदी क्रियापद झाकून, नुसतं कर्म आणि प्रसंग पाहून मराठीत आपसूक येणारं क्रियापद लिहायचं: शिक्षा... भोगणे, पावती... फाडणे, खेटे... घालणे. कोश त्यानंतर उघडायचा. क्रम उलटा केला तर ‘कापणे’ एकदा डोळ्यात बसतं आणि पुढची सगळी वाक्यं त्याच्या चष्म्यातून दिसतात. कोशातही आधी क्रियापदाच्या नव्हे, नामाच्या नोंदीत पाहावं. ‘चक्कर’ किंवा ‘रास्ता’ याखाली त्याची जोडक्रियापदं पुष्कळदा वेगळी दिलेली असतात, तर ‘काटना’खाली ती लांबलचक परिच्छेदाच्या शेपटाला गेलेली असतात.

विरामचिन्हांकडेही लक्ष असू द्या. बऱ्याच कोशांत स्वल्पविरामाने जोडलेले प्रतिशब्द एकाच अर्थाचे असतात आणि अर्धविरामानंतर नवा अर्थ सुरू होतो. आपला कोश हे पाळतो का, ते प्रस्तावनेतल्या सूचनांत लिहिलेलं असतं. ते पान बहुतेक जण उघडतच नाहीत.

लगना

हा शब्द जास्त लबाड, कारण इथे पहिला प्रतिशब्द ‘लागणे’ पुष्कळदा अगदी चपखल बसतो. भूक लागली, आग लागली, दोन तास लागतील, तो रडू लागला, नात्याने काका लागतो, दृष्ट लागली. सहा वाक्यं बरोबर गेली की सातव्याला कुणी थांबत नाही. वहीतलं कार्ड असं झालं:

> पोटाचं, जखमेचं, वेळेचं, नात्याचं: लागणे
> मनाचं (डर, बुरा, अजीब): वाटणे
> ठंड: वाजणे
> मेला, बाज़ार: भरणे
> मन: रमणे

‘मुझे डर लगता है’ म्हणजे मला भीती वाटते. ‘लगता है बारिश होगी’ म्हणजे पाऊस येईलसं दिसतंय. ‘अच्छा लगा’चे मात्र दोन फाटे: भेटून बरं वाटलं, पण सिनेमा आवडला. थंडीच्या ओळीला एक पोटटीप हवी. ‘ठंड लग रही है’ म्हणजे थंडी वाजतेय. ‘उसे ठंड लग गई’ यात माणूस आजारी पडलेला असतो, तेव्हा थंडी बाधली असं लिहायचं.

या शब्दाची तांबडी खूण ‘पता लगना’ला. ‘पता लगा कि वह चला गया’ याचं मराठी ‘तो गेल्याचं कळलं’. हात ‘पत्ता लागला’कडे वळतो, कारण ती शब्दजोडी मराठीत आहेच. पण आपल्याकडे पत्ता लागतो तो हरवलेल्याचा. म्हणजे जो निघून गेला हे कळलं, तो वाचकाच्या डोक्यात सापडला असं होऊन बसतं.

आपत्ति

इथे कारण वेगळं आहे. कोश जुना अर्थ आधी आणि नवा नंतर लावत असेल, तर ‘संकट’ पहिलं येतं आणि ‘हरकत’ मागे राहते. आजच्या हिंदीत, विशेषतः बातमीत आणि सरकारी कागदात, हरकतीचा अर्थ सतत भेटतो: ‘विपक्ष ने आपत्ति दर्ज की’ म्हणजे विरोधकांनी हरकत नोंदवली. ओळखायची खूण सोबतच्या शब्दात आहे. जताना, दर्ज करना, ‘मुझे कोई... नहीं’ असं काही असेल तर हरकत. आना, टूट पड़ना असेल तर संकट. ‘अपेक्षा’ची जातकुळी थोडी अशीच. ‘पहले की अपेक्षा’ यातलं अपेक्षा म्हणजे आपलं ‘पेक्षा’च, ‘आधीपेक्षा’. मागे ‘की’ आणि त्यामागे तुलनेची वस्तू दिसली की थांबायचं. तिची नोंद अजून अर्धी आहे.

पुढे

‘उठाना’ घेतला आहे. फोन उचलणे सरळ आहे. झोपलेल्याला उठवणे, नुकसान सोसणे, धोका पत्करणे, फायदा घेणे, इथवर कर्मानुसार लागलं. अडलंय ते ‘सवाल उठाना’पाशी. सभागृहात प्रश्न उपस्थित केला जातो, ते ठीक. पण ‘नीयत पर सवाल उठाना’ यात विचारण्यापेक्षा संशय जास्त असतो, आणि ‘हेतूबद्दल शंका घेणे’ लिहिलं तर जाहीरपणे बोलल्याचा भाग गळतो. शंका मनातल्या मनातही घेता येते. ‘उचलून धरणे’ तर चालणारच नाही, कारण मराठीत ते पाठिंब्याचं आहे. तूर्त कार्डावर ‘हेतूवर बोट ठेवणे’ पेन्सिलीने लिहिलंय.