आपल्याकडून उत्तर न आल्यास…

‘आपल्याकडून उत्तर न आल्यास हे तिकीट दोन दिवसांनी आपोआप बंद होईल.’ तिकीट म्हणजे ग्राहकाने कंपनीच्या सपोर्टकडे नोंदवलेली तक्रार, आणि हे वाक्य मी दोन्ही बाजूंनी वाचत आले आहे. ग्राहक म्हणून वाचलं की त्यात दटावणी ऐकू येते. सपोर्टच्या खुर्चीत बसून वाचलं की तेच वाक्य अजिजीचं वाटतं. बाबा रे, काहीतरी बोल, एवढंच त्याचं म्हणणं असतं.

ग्राहक गप्प का होतो, याची कारणं फारशी गूढ नाहीत. पुष्कळदा त्याचं काम झालेलं असतं. मशीन बंद करून चालू केलं, अडचण गेली, माणूस पुढच्या कामाला लागला. ‘झालं बरं का, आता चालतंय’ असं कळवायला कोण परत येतो? कधी आपण मागितलेली गोष्टच जड असते. ‘लॉग फाइल पाठवा’ हे लिहायला आपल्याला दोन सेकंद लागतात. ती फाइल कुठे असते हे शोधण्यात समोरच्याची दुपार जाते, मग तो म्हणतो, उद्या बघू. आणि एक कारण जरा लाजिरवाणं आहे: प्रश्न त्याच्यापर्यंत पोचलेलाच नसतो. सपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये उत्तर लिहायच्या चौकटीला दोन तोंडं असतात, एक ग्राहकाला जाणारं आणि एक फक्त आपल्या माणसांना दिसणाऱ्या टिपणाचं. घाईत प्रश्न टिपणात लिहिला गेला की इकडे आपण वाट पाहतो, तिकडे तो वाट पाहतो, आणि घड्याळ मात्र त्याच्या नावावर चालू राहतं.

हे घड्याळ सुरू होतं ते तिकीट ‘पेंडिंग’ला टाकल्यावर. पेंडिंग म्हणजे आम्ही विचारलं आहे, आता चेंडू तुमच्याकडे. आमच्याच इंजिनिअरकडून काही यायचं असेल तर त्यासाठी ‘ऑन-होल्ड’ ही वेगळी अवस्था असते, आणि तिथे आपोआप बंद होण्याचा नियम लावायचा नसतो. पण बहुतेक ठिकाणी पेंडिंगला गेलं की उत्तर देण्याच्या मुदतीचं, म्हणजे एसएलएचं, घड्याळ थांबतं. त्यामुळे आपलंच काम बाकी असतानाही तिकीट पेंडिंगला टाकण्याचा मोह फार मोठा असतो. महिनाअखेर आली, आकडे लाल दिसायला लागले, की ‘आम्ही तपासत आहोत’ असं लिहून तिकीट पेंडिंगला सरकवणारे हात मी पाहिले आहेत. त्या वाक्यात प्रश्नच नाही. ग्राहकाने उत्तर द्यायचं कशाचं? तो शहाण्यासारखा वाट पाहतो आणि पाचव्या दिवशी त्याला कळतं की त्याने प्रतिसाद न दिल्यामुळे त्याची तक्रार मिटली आहे.

नियम कागदावर साधा दिसतो. पेंडिंगला 72 तास झाले की इशारा, त्यानंतर 48 तासांनी बंद. आता तो एका तिकिटावर चालवून बघू. ग्राहक लिहितो की महिन्याचा अहवाल डाउनलोड केला की फाइल रिकामी येते. शुक्रवारी संध्याकाळी पाचला आपला माणूस विचारतो, ‘कोणता महिना निवडला होता? पडद्याचा फोटो पाठवाल का?’ आणि पेंडिंग लावून घरी जातो. सोमवारी पाचला 72 तास भरतात. शनिवार-रविवार सुट्टी असलेल्या ग्राहकाच्या वाट्याला त्यातला आला सोमवारचा एक दिवस, तोही आठवड्याचा पहिला, ढिगाचा. म्हणून तास मोजायचे तर कामकाजाचे मोजावेत. तशी सोय बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये असते, फक्त ती निवडावी लागते.

सोमवारी इशारा जातो. ग्राहक तो वाचतो. अहवाल काढणारी त्याची सहकारी असते, म्हणून तिला पुढे पाठवतो. ती मंगळवारी नवी मेल लिहून फोटोसकट उत्तर देते. मूळ मेलला ‘रिप्लाय’ केलेला नाही, पत्ताही वेगळा, त्यामुळे सॉफ्टवेअरला नातं कळत नाही आणि नवं तिकीट उघडतं. जुनं पेंडिंगच. बुधवारी पाचला ग्राहकाला मेल जाते: उत्तर न मिळाल्याने तिकीट बंद करत आहोत. यावर तो जे लिहितो ते इथे लिहिण्यासारखं नसतं, पण त्याचं चुकत नाही. उपाय कंटाळवाणा आहे. बंद होण्याच्या आदल्या दिवशी ही तिकिटं एका वेगळ्या यादीत यावीत आणि कुणीतरी त्याच कंपनीकडून नवं काही आलंय का, हे पाहावं.

नियम लिहिणाऱ्याला चकवणारी आणखी एक जागा आहे. ‘शेवटच्या बदलानंतर इतके तास’ अशी अट घातली की इशारा हाच एक बदल ठरतो आणि मोजणी पुन्हा शून्यावर येते. मग तिकीट बंद होतच नाही, दर तीन दिवसांनी तोच इशारा जात राहतो. याउलट फक्त ‘पेंडिंगला 72 तासांपेक्षा जास्त’ एवढीच अट असेल तर ती पुढच्या प्रत्येक तपासणीला खरीच ठरते. झेंडेस्कसारख्या सपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये अशी तपासणी तासाला एकदा होते, म्हणजे इशाराही तासाला एकदा जाऊ शकतो. म्हणून इशारा देतानाच तिकिटाला `bump1` सारखा टॅग लावायचा, टॅग असेल तर पुन्हा इशारा नाही अशी अट घालायची, आणि ग्राहकाचं उत्तर आलं की टॅग काढायचा. ही शेवटची पायरी विसरली जाते. मग पुढच्या खेपेला तो ग्राहक गप्प झाला की इशारा न देताच तिकीट बंद!

माझं स्पष्ट मत आहे की या सगळ्यात किमती गोष्ट इशाराच आहे, बंद करणं नव्हे. पण इशाऱ्यात मूळ प्रश्न पुन्हा लिहिलेला हवा. ‘आम्ही आपल्या उत्तराची वाट पाहत आहोत’ वाचून माणसाला जुन्या मेल उपसाव्या लागतात. ‘आपण कोणता महिना निवडला होता?’ एवढं वाचलं तर तो फोनवरूनच ‘मार्च’ लिहून मोकळा होतो. बंद करतानाही थेट ‘क्लोज्ड’ करू नये, आधी ‘सॉल्व्ड’ करावं. सॉल्व्डवर ग्राहकाने काही लिहिलं की तिकीट पुन्हा उघडतं. झेंडेस्कमध्ये क्लोज्ड झालेलं उघडता येत नाही, त्याच्या पाठोपाठ नवं जोडतिकीट काढावं लागतं.

नियम नीट चाललाय की नाही, हे पाहायला मी एकच यादी काढते: आपोआप बंद झालेल्यांपैकी शेवटचा संदेश ग्राहकाचा असलेली तिकिटं. ती रिकामी असायला हवी. भरलेली दिसली की कुणाच्या तरी उत्तरावर आपण दार बंद केलं आहे, हे उघड.

पुन्हा उघडलेल्या तिकिटांचा आकडा मात्र जपून वाचावा. त्यात चिडलेले असतात, फोटो आता सापडलेले असतात, आणि एक सज्जन वर्गही असतो. इशाऱ्याला न बधलेली ही माणसं तिकीट बंद झाल्याची मेल आली की तत्परतेने उत्तर देतात: ‘धन्यवाद!’ त्या एका शब्दाने तिकीट पुन्हा उघडतं.