‘आवडला का?’ हे विचारणं मी सोडलं

मी आठवडी बाजारावर पत्त्यांचा एक खेळ तयार केला. चौघांनी खेळायचा, सहा फेऱ्यांचा. दर फेरीत प्रत्येकाने तीन पत्ते उचलायचे. पत्ते म्हणजे टोमॅटो, कांदा, मेथी असा पाच प्रकारचा माल. मग वाटलं तर विकायचा, नाहीतर ठेवून द्यायचा. प्रत्येक मालाचा भाव 4 पासून सुरू होतो, फेरी संपली की 1 ने चढतो आणि कुणी एक खेप विकली की 1 ने उतरतो. विकू की थांबू, ही ओढाताण मला टेबलावर हवी होती.

नमुन्यासाठी पत्ते छापायच्या भानगडीत पडलो नाही. प्लास्टिकच्या पाकिटात जुना पत्ता आणि त्याच्यापुढे पेन्सिलीने लिहिलेली कागदाची चिठ्ठी, एवढंच. नियम बदलला की चिठ्ठी बदलायची. छान चित्रं असलेल्या पत्त्याला नावं ठेवायला मित्रांचाही जीव होत नाही आणि आपलाही.

पहिल्या दोन बैठका वाया गेल्या, त्या माझ्यामुळे. खेळ मीच समजावला, कुणी अडलं की मीच सांगितलं आणि शेवटी विचारलं, “कसा वाटला?” “मस्त आहे रे!” हे उत्तर मित्र देणारच. तिसऱ्या वेळी नियमांचा कागद त्यांच्या हातात दिला आणि मी वही घेऊन बाजूला बसलो. गप्प बसणं फार अवघड गेलं. दहाव्या मिनिटाला ते प्रत्येक पाळीनंतर भाव चढवत होते, कारण कागदावर मी ‘पाळी’ आणि ‘फेरी’ हे शब्द अदलाबदलीने वापरले होते. असली दुरुस्ती त्याच रात्री करून टाकावी, त्यावर विचार करत बसायचं कारण नाही.

वहीत मी एकच गोष्ट नेमाने टिपली: कुठल्या फेरीत किती खेपा विकल्या गेल्या. खेळ संपल्यावर, गप्पा सुरू व्हायच्या आधी, प्रत्येकाने कागदावर दोन उत्तरं लिहायची. कंटाळा नेमका कधी आला? जिंकायला काय करायचं ठरवलं होतं? आधी लिहून घेतलं नाही तर जो पहिला बोलतो त्याचंच मत सगळ्यांचं होतं.

सूचना भरपूर आल्या. मावसबहीण म्हणाली, फेऱ्या कमी कर. ऑफिसातल्या मित्राला दुसऱ्याचा माल पळवायचा पत्ता हवा होता. आणखी एकाला टेम्पो हवा होता. तिन्ही उपाय वेगळे, पण कंटाळ्याच्या उत्तरात तिघांनीही मधल्या फेऱ्याच लिहिल्या होत्या. वही उघडली तर पहिल्या चार फेऱ्यांत जवळपास विक्रीच नव्हती. सहाव्या फेरीत मात्र प्रत्येकाच्या हातात जवळपास अठरा-अठरा पत्ते, आणि त्यांचा हिशेब करण्यातच वेळ चाललेला.

मग भाव मांडून पाहिले. कुणीच विकलं नाही तर सहाव्या फेरीत भाव 9 होतो. पहिल्याला 9 मिळतात, मग 8, 7, आणि शेवटच्यालाही 6. म्हणजे सगळ्यांत मागे राहिलेलाही पहिल्या फेरीतल्या 4 पेक्षा जास्त कमावतो. थांबणारे अगदी बरोबर खेळत होते. माल राखून ठेवायला माझ्या नियमात काही मोजावंच लागत नव्हतं. फेऱ्या कमी केल्या असत्या तरी लोक शेवटच्या फेरीची वाटच बघत बसले असते.

म्हणून तिन्ही सूचना बाजूला ठेवून एकच नियम घातला: फेरी संपताना हातात तीनच पत्ते ठेवता येतील, बाकीचे सडले. दुसरं काहीही बदललं नाही, नाहीतर फरक कशाने पडला ते कळलं नसतं. पुढच्या बैठकीत दुसऱ्या फेरीपासून विक्री सुरू झाली आणि सत्तर मिनिटांचा खेळ पन्नासच्या आत आला. नव्या चौघांना बसवलं, तेव्हाही तेच. एका टोळक्याच्या सवयीमुळे हे होत नाही ना, एवढं तरी तपासायला हवं होतं.

नवी तक्रारही आली. “माल सडला की जीव जळतो, मर्यादा वाढव.” पाच पत्त्यांची मर्यादा करून बघितली. लोक दुसऱ्या फेरीत एखादा पत्ता सडू देऊन पुन्हा थांबायला लागले. मर्यादा परत तीनवर आणली.

ही तक्रार मी मुद्दाम तशीच ठेवली आहे. ती करणाऱ्या मित्राने पुढच्या डावात मेथी 5 लाच काढून टाकली आणि भाव चढतो का ते दोन फेऱ्या मान उंचावून बघत राहिला.