शेअर न केलेली एक शीट आणि डिलीट व्हायला आलेलं अकाउंट

आमच्याकडची एक सहकारी नोकरी सोडून गेली आणि तिचं गूगल वर्कस्पेस अकाउंट डिलीट करायचं तिकीट माझ्याकडे आलं. कारण साधंच होतं, लायसन्स मोकळं करायचं होतं. मी आधी अकाउंट फक्त सस्पेंड केलं, डिलीट नाही, कारण सस्पेंड केल्यावर त्या माणसाला लॉगिन करता येत नाही पण त्याने शेअर केलेल्या फाइल्स बाकीच्यांना आधीसारख्याच उघडता येतात, त्यामुळे काय कुठे अडकलंय हे शांतपणे बघायला वेळ मिळतो.

दुसऱ्याच दिवशी सकाळी तिच्या टीमच्या मॅडमचा फोन. "अहो, तक्रारींचा रोजचा मेल आज आलाच नाही, फोल्डर तर माझ्या नावावर आहे, तुम्ही काही काढलंत का?" मी म्हटलं मॅडम, काढलं काहीच नाही, पण मी येतो, एकदा बघूया.

त्यांच्या स्क्रीनवर फोल्डर उघडला. फोल्डर खरंच त्यांच्या नावावर होता. पण आत लिस्ट व्ह्यूमध्ये ओनरचा कॉलम बघितला तर जवळपास प्रत्येक ओळीत गेलेल्या सहकारीचंच नाव. ड्राइव्हमध्ये मालकी फाइलनिहाय असते, ज्याने फाइल बनवली त्याची ती, मग ती कोणाच्याही फोल्डरमध्ये ठेवा. म्हणजे अकाउंट डिलीट झालं असतं तर फोल्डर मॅडमकडे राहिला असता आणि आतला माल गेला असता. मॅडमना हे माहीत नव्हतं, आणि त्यांना का माहीत असावं, रोज फाइल उघडणारा माणूस ओनर कोण ते कशाला बघेल.

याच्या उलटही होतं, गेलेल्या माणसाच्या फोल्डरमध्ये तुमची फाइल असेल आणि तो फोल्डर गेला तर फाइल जात नाही पण बेघर होते. ती शोधायला सर्चमध्ये हे टाकायचं:

```
is:unorganized owner:me
```

असो. मेलचा मामला वेगळाच निघाला. तो मेल तक्रारींच्या समरी शीटला जोडलेल्या स्क्रिप्टमधून जायचा आणि तिचा ट्रिगर, म्हणजे ती रोज आपोआप चालवणारी सेटिंग, त्या सहकारीने लावलेला होता. ट्रिगर ज्याने लावला त्याच्याच अकाउंटवर चालतो, अकाउंट बंद म्हणजे ट्रिगरही बंद, आणि फाइलची मालकी बदलली म्हणून तो नव्या मालकाकडे येत नाही, नव्या माणसाने स्वतः लावावा लागतो. ही एक गोष्ट सस्पेंडमुळे दुसऱ्याच दिवशी कळली, थेट डिलीट केलं असतं तर बाकीच्या सगळ्या गोंधळात मिसळून गेली असती.

पण मला खरा धक्का बसला तो पुढे. ती समरी शीट मॅडमना आणि टीमला शेअर होती, सगळे रोज वापरायचे. मी पहिल्या सेलवर क्लिक केलं तर आत आकडे नव्हतेच, फॉर्म्युला होता:

```
=IMPORTRANGE("https://docs.google.com/spreadsheets/d/...", "Form Responses 1!A:H")
```

म्हणजे आकडे दुसऱ्याच एका शीटमधून येत होते. मॅडमनी ती लिंक उघडून बघितली, ॲक्सेस नाही. मी ॲडमिन कन्सोलमध्ये ड्राइव्हच्या लॉगमध्ये लिंकमधला तो लांबलचक आयडी टाकून शोधलं. मालक तीच सहकारी, आणि फाइल कोणालाही शेअर केलेली नाही. तक्रारींच्या फॉर्मची मूळ उत्तरं तिथे जमा होत होती, आणि टीमला फक्त वरचा आरसा दिसत होता.

आता यात गोची काय आहे ते नीट सांगतो. ॲडमिन कन्सोलमध्ये युजर डिलीट करताना ड्राइव्हचा डेटा कोणाकडे द्यायचा ते विचारतात, आणि तिथेच खाली एक चौकोन असतो, कोणाशीही शेअर नसलेला डेटाही घ्यायचा का. तो टिक केला नाही तर फक्त शेअर केलेल्या फाइल्स जातात. ऐकायला ते बरोबरच वाटतं, खाजगी ते खाजगी, ते कशाला हलवा. पण इथे शेअर केलेली समरी मॅडमकडे आली असती आणि जिच्यावर ती उभी होती ती मूळ शीट अकाउंटसोबत गेली असती.

मग सगळंच हलवा की, असं मॅडम म्हणाल्या. पण मला ते पटेना, कारण तिच्या ड्राइव्हमध्ये घरचे कागदपत्र, बँकेची स्टेटमेंटं काहीही असू शकतं, आणि ही ट्रान्सफर एकेक फाइल निवडून होत नाही, सगळं एकाच माणसाकडे जातं. कामाचा डेटा वाचवायचा म्हणून कोणाचं घरचं सामान मॅनेजरच्या ड्राइव्हमध्ये ओतायचं हे चुकीचंच आहे, मग तो माणूस नोकरीत असो वा नसो. एचआरला सांगितलं, त्यांनी तिला फोन केला, ती मोकळेपणाने म्हणाली की "पर्सनल" नावाचा एक फोल्डर आहे, बाकी सगळं ऑफिसचं, आणि तो फोल्डर काढून टाकला तरी चालेल.

मग सगळं एका वेगळ्या अकाउंटकडे ट्रान्सफर केलं, जे कुठल्याच टीमचं नाही आणि ज्याचा पासवर्ड मोजक्याच लोकांकडे आहे. ट्रान्सफर झाल्यावर नव्या मालकाच्या ड्राइव्हमध्ये जुन्या ईमेलच्या नावाचा एक फोल्डर तयार होतो, त्यात सगळं येतं. लिंक बदलत नाहीत, ज्यांना शेअर होतं त्यांचं शेअरिंगही राहतं. तो पर्सनल फोल्डर न उघडता एचआरसमोर काढला. मूळ शीट, समरी आणि फॉर्म मात्र टीमच्या शेअर्ड ड्राइव्हमध्ये हलवले, कारण तिथे फाइलची मालकी कोणा व्यक्तीची नसते, संस्थेची असते, पुढच्या वेळी कोणी गेलं तरी हा प्रश्न त्या फाइल्सपुरता येणार नाही.

एवढ्यावरही थांबलो नाही, कारण IMPORTRANGE ची परवानगी ज्याने दिली त्याच्या नावावर चालते, आणि तो माणूस मूळ शीटवरून निघाला की जोड तुटते. ट्रान्सफरनंतर जुन्या मालकाचं नाव एडिटर म्हणून फाइलवर राहतंच, त्यामुळे वरून सगळं ठणठणीत दिसतं आणि डिलीटनंतर फुटतं. म्हणून डिलीटच्या आधीच मुद्दाम मूळ शीटवरून तिचा ॲक्सेस काढला. थोड्या वेळाने समरीमध्ये सगळ्या आकड्यांच्या जागी एकच #REF! एरर आला. मॅडम दचकल्या. मी म्हटलं, हेच बघायचं होतं, आता सेलवर जा आणि Allow access दाबा. त्यांनी दाबलं, आकडे परत भरले. मग त्यांच्या टीममधल्या एका मुलीने स्वतःच्या अकाउंटवरून ट्रिगर नव्याने लावला, परवानगीची खिडकी आली ती तिने वाचून मान्य केली, आणि फॉर्मवर एक खोटी तक्रार भरून बघितली. ती शीटमध्ये आली, समरीत आली, सकाळच्या मेलमध्येही आली.

त्यानंतर अकाउंट डिलीट केलं. डिलीट केलेला युजर ॲडमिनला 20 दिवसांपर्यंत परत आणता येतो, ती तारीख तिकिटावर लिहिली आणि मॅडमना सांगितलं की काही राहिलंय असं वाटलं तर त्याच्या आत कळवा. त्यांनी त्या आठवड्यातच एक जुना फॉर्म आठवून कळवला, तो शोधला तर आधीच हललेल्यात होता.