तुटलेल्या पिनियनचे माप

मावशीच्या विजेवर चालणाऱ्या पापड लाटण्याच्या यंत्रातील नायलॉनच्या पिनियनचे, म्हणजे लहान दातेरी चक्राचे, तीन दाते तुटले आणि भोकापासून परिघापर्यंत तडाही गेला. सुटा भाग कुठेच मिळाला नाही, म्हणून जुन्या तुकड्याची मापे व्हर्निअरने घेऊन तो फ्रीकॅड या आराखडे काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने काढायचे मी ठरवले. तुटलेल्या दात्यांची मुळे शाबूत असल्यामुळे एकूण सतरा दाते आहेत, हे निश्चित करता आले. तो ज्या लोखंडी चक्राला फिरवतो त्याचे दाते चाळीस होते.

बाहेरचा व्यास कधी २८.२४, तर कधी २८.३६ मिलिमीटर भरला. सुरुवातीला मला हा झिजेचा परिणाम वाटला, पण खरे कारण दात्यांची संख्या विषम असणे हे होते. विषम संख्येत एका दात्याच्या बरोबर समोर दाता येत नाही, खाच येते. त्यामुळे व्हर्निअरचे जबडे कसेही धरले तरी माप खऱ्या व्यासापेक्षा कमीच येते. सतरा दात्यांसाठी सर्वांत मोठ्या वाचनाला ९०/१७ अंशांच्या कोज्येने भागले की खरा व्यास मिळतो. तो २८.४८ आला. त्याला दात्यांची संख्या अधिक दोन, म्हणजे १९ ने भागल्यावर मॉड्यूल, म्हणजे दात्यांच्या आकाराचे माप, जवळजवळ १.५ ठरले.

एकट्या व्यासावर विसंबू नये असे मला वाटते, कारण दात्यांची टोके झिजलेली असू शकतात. म्हणून मी दोन्ही चक्रांच्या दांड्यांमधले अंतर मोजले. दांड्यांच्या बाहेरील कडांमधले अंतर ५१.८० आणि आतील कडांमधले ३३.७८ होते, या दोन्हींची सरासरी म्हणजेच केंद्रांमधले अंतर, मग दांड्यांचे व्यास वेगवेगळे असले तरी हरकत नाही. ती ४२.७९ आली. मॉड्यूल १.५ धरून सतरा आणि चाळीस दात्यांसाठी हिशेब ४२.७५ येतो, त्यामुळे माझी खात्री पटली.

दाबकोनाने, म्हणजे दात्याच्या कडेचा कल ठरवणाऱ्या कोनाने, मात्र मला बराच वेळ खर्च करायला लावला. जुन्या यंत्रांत तो अनेकदा साडेचौदा अंश असतो, अलीकडच्या यंत्रांत बहुधा वीस, आणि नुसते पाहून हा फरक कळत नाही. त्यासाठी मी न तुटलेल्या भागात जबड्यांमध्ये आधी तीन दाते आणि मग दोन दाते धरून मापे घेतली: ११.३६ आणि ६.९४. यांची वजाबाकी ४.४२ होते. वीस अंशांसाठी ती ४.४३ आणि साडेचौदा अंशांसाठी ४.५६ यायला हवी. या पद्धतीची खुबी अशी, की प्रत्येक मापात एक काम करणारी आणि एक मागची बाजू येते, त्यामुळे दाते सारखेच झिजले असतील तर झीज दोन्ही मापांत तेवढीच शिरते आणि वजाबाकीत निघून जाते. हिशेबाने ती दोन मापे ११.४३ आणि ७.०० असायला हवी होती. जवळपास सहा शतांश मिलिमीटरची जी तूट दिसली, ती झीज आणि मुळात ठेवलेली मोकळीक यांची मिळून होती.

भोक मोजताना तुटलेला भाग पुरता फसवतो. तडा उघडल्यामुळे भोक एका दिशेने ८.३, तर दुसऱ्या दिशेने ७.९ भरत होते. त्यात व्हर्निअरच्या आतील जबड्यांच्या कडांना थोडी जाडी असल्याने लहान भोकाचे माप नेहमी कमीच येते. म्हणून मी दांडीच मोजली. ती ७.९८ होती आणि तिच्या सपाट बाजूपासून समोरच्या कडेपर्यंतचे माप ७.०० होते.

फ्रीकॅडमध्ये तयार गिअरचे साधन आहे, पण दात्याची जाडी माझ्या मापाप्रमाणे हवी असल्याने मी एकच दाता हाताने काढला. मूळ वर्तुळाचा, म्हणजे बेस सर्कलचा, व्यास २३.९६ आला. त्याच्यावर दात्याची कड पुढील सूत्राने मिळते:

```
x = rb*(cos(t) + t*sin(t))
y = rb*(sin(t) - t*cos(t))
```

येथे rb ११.९८ आहे आणि t शून्यापासून ०.६४ रेडियनपर्यंत जातो. सहा बिंदू काढून त्यांतून स्प्लाइन, म्हणजे गुळगुळीत वक्ररेषा, नेली. दात्याची जाडी २.३० ठेवली, म्हणून ही कड दात्याच्या मध्यरेषेपासून ६.०२ अंशांवर सुरू होते. खाचेचा तळ बेस सर्कलच्याही आत, २१.७५ व्यासावर असल्यामुळे तिथपर्यंत सरळ त्रिज्यरेषा नेऊन कोपऱ्यात गोलाई दिली. तडे बहुतेक तिथूनच सुरू होतात. मग मध्यरेषेवर आरसा घेऊन दाता पूर्ण केला आणि त्याच्या सतरा प्रती वर्तुळाकार मांडल्या.

पूर्ण भागाआधी फक्त ४ मिलिमीटर जाडीची चकती थ्रीडी प्रिंटरवर छापून घेतली. ती दांडीवर जाईचना. छापताना भोक आकसते, त्यामुळे आराखड्यात ते ८.१५ केले. दाते मात्र पहिल्याच वेळी बसले: चाळीस दात्यांचे चक्र हाताने पूर्ण फिरवताना कुठेही अडकले नाही, आणि दात्यांमध्ये कागदाची एक पट्टी ओढली असता ती न फाटता निघाली. त्यानंतर पूर्ण जाडीचा भाग नायलॉनमध्ये छापून यंत्रात बसवला.